डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकला

मोटारसायकल शिकवण्याचं काम करताना प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो. गाडी साठच्या वेगात आहे आणि डावीकडे वळायचंय, तर हँडल कुठल्या बाजूला फिरवाल? बहुतेक हात डावीकडे जातात. काही जण म्हणतात, हँडलला हातही लावत नाही, अंग टाकलं की गाडी वळते. हा गोंधळ जुना आहे. विमान उडवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइटनेही अनेक सायकलस्वारांना असंच विचारून पाहिलं होतं, आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा एकही जण त्याला भेटला नव्हता. सगळे वळत मात्र बिनचूक होते.

आधी गाडी का कलते, ते पाहू. वळायचं म्हणजे गाडीला आतल्या बाजूला ढकलणारं काहीतरी हवं. ते काम टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण करतं. पण हा रेटा लागतो टायरच्या तळाशी, आणि गाडी व स्वार यांचं वजन असतं त्याच्या बरंच वर. गाडी सरळ उभी ठेवून वळायला गेलो, तर तळ आत ओढला जाईल आणि वरचा भाग बाहेर फेकला जाईल. चारचाकीला बाहेरच्या बाजूची चाकं सावरून धरतात, दुचाकीकडे ती सोय नाही. म्हणून ती आतल्या बाजूला कलते. कललेल्या गाडीला गुरुत्वाकर्षण आत पाडू पाहतं आणि टायरचा रेटा बाहेर पाडू पाहतो. दोघांची ओढ सारखी झाली की गाडी त्या कोनात पडत नाही आणि उठतही नाही.

हा कोन फक्त वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो. ताम्हिणीसारख्या घाटातलं एखादं वळण 40 मीटर त्रिज्येचं धरा आणि वेग ताशी 54 किलोमीटर. गणित केलं की कोन 30 अंश येतो. गाडी शंभर सीसीची असो की साडेतीनशेची, स्वार किडकिडीत असो की दणकट, कोन तोच. टायर रुंद असेल तर थोडं जास्त कलावं लागतं, इतकाच फरक. वेग मात्र फार महागात पडतो. त्याच वळणावर ताशी 72 किलोमीटरने गेलात, तर कोन 45 अंशांच्या पुढे जातो. म्हणजे टायरला गाडीच्या वजनाएवढाच आडवा जोर पेलावा लागतो, आणि आपल्या रोजच्या रस्त्यांवर तेवढ्या पकडीची खात्री कुणी देऊ नये.

आता मूळ प्रश्न. सरळ उभी असलेली गाडी 30 अंश कलणार कशी? तळहातावर काठी उभी धरून पाहा. ती डावीकडे कलवायची असेल, तर हात उजवीकडे सरकवावा लागतो. मोटारसायकलचा हात म्हणजे तिचे टायर. डाव्या हाताने डावं हँडल किंचित पुढे ढकललं की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं. टायर उजवीकडे सरकतात, वरचं वजन मात्र आधीच्याच दिशेने जात राहतं, आणि गाडी डावीकडे कलू लागते. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात. गुरुत्वमध्य टायरपासून 60 सेंटिमीटर वर धरला, तर 30 अंश कलण्यासाठी वजन आणि टायर यांच्यात 30 सेंटिमीटरचं आडवं अंतर पडावं लागतं. ते काही अंशी टायर बाहेर गेल्याने आणि बाकीचं गाडी आत पडू लागल्याने भरून निघतं. सगळा प्रकार सेकंदाच्या आत उरकतो आणि हँडल इतकं थोडं फिरतं की स्वाराच्या लक्षातच येत नाही.

गाडी कलू लागली की पुढचं चाक आपण होऊन वळणाच्या दिशेला फिरतं. हँडलची फिरण्याची रेषा जमिनीला जिथे भिडते, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. त्यामुळे कललेल्या गाडीचं चाक आत ओढलं जातं, पडणं थांबतं आणि गाडी वळणावर स्थिरावते. म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की वळताना हँडल डावीकडेच होतं. होतंच, फक्त सुरुवात तिथून झालेली नसते. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणाला याचं फार श्रेय दिलं जातं. 1970 मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश संशोधकाने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून तो गुण जवळपास रद्द केला, तरी ती सायकल चालवता आली.

अंग टाकून वळणाऱ्यांसाठी अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी एक खास गाडी बनवून घेतली. तिला नेहमीच्या हँडलखेरीज सांगाड्याला घट्ट जोडलेलं दुसरं हँडल होतं, जे फिरतच नाही. ते धरून स्वार कितीही झुकला तरी गाडी थोडीशी भरकटते, ठरवल्यासारखी चटकन वळत नाही. अंग टाकताना हात नकळत आतलं हँडल ढकलत असतात.

ते नकळत जमतं, मग शिकायचं कशाला? कारण घाबरल्यावर हात उलट वागतात. वरच्याच डाव्या वळणावर 54 च्या वेगात, 30 अंश कलून तुम्ही शिरलात आणि पुढे वळण आवळून त्रिज्या 30 मीटर झाली. आता 37 अंश लागतात, म्हणजे फक्त सात अंश जादा. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर चांगला टायर ते देतो. पण घाबरलेला स्वार हँडल वळणाकडे, म्हणजे डावीकडे ओढतो. टायर वजनाच्या खाली येतात, गाडी उभी राहते आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या लेनमध्ये जाते. पुढचा ब्रेक जोरात दाबला तरी हेच होतं. कललेल्या गाडीचा टायर आतल्या कडेवर टेकलेला असतो, त्यामुळे ब्रेक हँडलला आत खेचतो आणि गाडी उठते. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 अपघातांचा तपास करून 1981 मध्ये आलेल्या हर्ट अहवालाने अपघातात सापडलेल्या स्वारांमध्ये काउंटरस्टिअर करून गाडी काढण्याचं कसब जवळपास नव्हतंच, असं नोंदवलं होतं.

वाळू, सांडलेलं डिझेल किंवा पहिल्या पावसाचा चिकटा असेल, तर हे तंत्र वाचवणार नाही, कारण तिथे जादा कोन द्यायला टायरकडे पकडच नसते. तिथे वेग वळणाआधीच कमी करावा लागतो.

सराव मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर करा. हेल्मेट घाला, ताशी 35-40 चा वेग धरा, कोपर सैल ठेवा आणि डावा तळवा हलकेच पुढे दाबा. गाडी डावीकडे जाईल. मग उजवा दाबा. दाब कमीजास्त केला की वळण किती बदलतं, ते पाहा. हे हातात मुरल्याशिवाय घाटात जाऊ नका.