शिळा भाव

पनागर जबलपूरपासून पंधराएक किलोमीटरवर, कटनीच्या रस्त्याला. थंडीत इथे जिकडे बघावे तिकडे मटार. जिल्ह्याने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत मटारच निवडला आहे. एका आडतीसाठी मी फोनवर दिसणारा भावफलक चालवते. सकाळी मुनीमजी भाव टाकतात, शेतकरी शेतावरूनच बघतात आणि मग ट्रॉली भरायची की नाही ते ठरवतात.

भाव एका क्विंटलचा, पण त्याच्याखाली सात दिवसांची सरासरी आणि आवकही दाखवायची असते. ती काढायला डेटाबेसला अर्धा सेकंद लागतो. एकाने विचारले तर ठीक, पण साडेआठला सगळेच विचारतात. म्हणून मध्ये रेडिस ठेवले. उत्तर मेमरीत असेल तर तेच द्यायचे, नसेल तर डेटाबेसकडून आणून मेमरीत ठेवायचे. रेडिसचा जन्मही अशाच गरजेतून झाला. साल्वातोरे सान्फिलिप्पोला वेबसाइटवरच्या भेटींची ताजी नोंद दाखवायची होती, मायएसक्यूएलला ते झेपेना, म्हणून २००९ साली त्याने हे लिहिले.

*

दादाचा फोन. “अगं, फलकावर बावीसशे बघून मी ट्रॉली भरली. इथे आलो तर अठराशे. मुनीमजी म्हणतात, भाव कधीच बदलला.”

डेटाबेसमध्ये १८०० होते, मुनीमजींनी वेळेवर टाकलेले. फोनवर मात्र अजून २२००. मी नोंदीला एक तासाची मुदत दिली होती. पण मुदत कितीही असली तरी ही चूक व्हायला नको होती, कारण भाव बदलला की जुनी नोंद पुसायची, असे मी लिहिलेच होते.

*

दोन दिवस लॉग बघत बसले तेव्हा उलगडले. क्रम असा होता:

९:१०:०० ला एका फोनने भाव विचारला. मेमरीत काही नव्हते, म्हणून प्रोग्रॅम डेटाबेसकडे गेला आणि २२०० घेऊन निघाला. सर्व्हरवर गर्दी होती, तो वाटेतच दोन सेकंद अडकला. ९:१०:०१ ला मुनीमजींनी १८०० टाकले. डेटाबेसमध्ये पक्के झाले, मग `DEL` चालले. पुसायला तिथे काही नव्हतेच. ९:१०:०२ ला अडकलेला प्रोग्रॅम सुटला आणि हातातले २२०० मेमरीत ठेवून मोकळा झाला.

आता पुढचा प्रत्येक फोन तेच २२०० वाचणार. कुणाचीही आज्ञा चुकलेली नाही, एरर कुठेच नाही. चूक दोन वेगळ्या कामांच्या मध्ये पडलेल्या फटीत आहे. चाचणी करताना ती कधी दिसत नाही, कारण चाचणीला मी एकटीच असते.

*

पहिला उपाय सुचला तो असा: वाचणाऱ्याने नोंद ठेवताना `NX` लावावे, म्हणजे जागा रिकामी असेल तरच ठेवली जाईल. एवढ्याने भागत नाही. `DEL` नंतर जागा रिकामीच असते, २२०० खुशाल बसतात.

म्हणून पुसणेच बंद केले. मुनीमजींचा भाव डेटाबेसमध्ये पक्का झाला की तोच भाव रेडिसमध्येही लिहायचा, आणि वाचणाऱ्याने फक्त रिकाम्या जागी ठेवायचे.

```
SET bhav:matar "1800|09:10:01" EX 60
SET bhav:matar "2200|08:40:15" EX 60 NX
```

पहिली ओळ मुनीमजींची, दुसरी उशिरा आलेल्या वाचकाची. दुसरीला उत्तर येते `(nil)`, कारण जागा भरलेली आहे. मुनीमजी एकटेच लिहितात म्हणून हे पुरते. दोघे लिहिणारे असते तर त्यांचा क्रम उलटू शकला असता. मग वेळ तपासूनच लिहावे लागले असते.

भावाच्या शेजारची वेळ मुनीमजींच्या नोंदीची आहे, फोनने कधी वाचले त्याची नाही. फलकावर तीच दाखवते.

*

फट अजून थोडी उरते. डेटाबेसमध्ये लिहून झाले आणि तेवढ्यात रेडिसशी संपर्क तुटला, तर मेमरीत आधीचा भाव तसाच राहणार. तिथे मुदत हाच शेवटचा आधार. माझ्या मते मुदत ठरवताना मेमरीचा विचार नंतर करावा. चुकीचा भाव दादाला जास्तीत जास्त किती वेळ दिसला तर चालेल, हे आधी विचारावे. एक तास हे उत्तर मी न विचारताच दिले होते.

*

मुदत हरवतेही. सात दिवसांची सरासरी दुरुस्त करायला मी हाताने एक `SET` चालवला, `EX` लिहायचे राहिले. साधा `SET` जुन्या मुदतीसकट सगळे बदलतो. चार दिवस फलकावर तीच सरासरी. नोंद सापडत होती, म्हणून डेटाबेसकडे कुणी गेलेच नाही.

```
TTL sarasari:matar
(integer) -1
```

`-1` म्हणजे नोंद आहे, मुदत नाही. नोंदच नसती तर `-2` आले असते. आता हाताने काही बदलले की लगेच `TTL` बघते.

*

जानेवारीत मेमरी भरली. गावागावानुसार शोधाचे निकाल मी बिनमुदतीचे साठवत गेले होते. `maxmemory` ठरवली होती, पण भरल्यावर काय काढायचे ते सांगितले नव्हते. न सांगितले तर रेडिस `noeviction` धरतो, म्हणजे काहीच काढत नाही. नवे लिहायला गेले की `OOM` म्हणून नकार देतो, वाचायला मात्र देत राहतो. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की मुदत संपेपर्यंत जुना भाव दिसत होता आणि मुनीमजींचा नवा आत शिरत नव्हता.

`volatile-lru` लावायचे मनात आले होते. बरे झाले लावले नाही. ते फक्त मुदत असलेल्या नोंदी काढते. बिनमुदतीचा पसारा तसाच राहिला असता आणि गेले असते ते ताजे भाव. `allkeys-lru` लावले. ते बराच वेळ कुणी न वाचलेल्या नोंदी काढते, त्याही अंदाजाने: दर वेळी पाच नोंदी उचलून त्यांतली सगळ्यांत जुनी. भाव सतत वाचला जातो, म्हणून तो सहसा टिकतो. लॉगिनच्या नोंदी मात्र दुसऱ्या रेडिसमध्ये हलवल्या, नाहीतर गर्दीत माणसे आपोआप लॉगआउट होतील.

पण ‘सहसा’ या शब्दाशी मी अडले. भावाची नोंद वेळेआधी गेली तर जागा रिकामी, आणि तेव्हाच एखादा अडकलेला वाचक २२०० घेऊन आला तर `NX` त्याला अडवणार नाही. म्हणून वाचणाऱ्यालाही वेळेचे बंधन घातले: डेटाबेसला विचारल्यापासून तीन सेकंद उलटले असतील तर उत्तर फोनला द्यायचे, मेमरीत ठेवायचे नाही. त्याने फट अरुंद झाली, पुरती बुजली नाही. `INFO stats` मधला `evicted_keys` रोज बघते. तो वाढू लागला तर मेमरी वाढवायची.

*

दादाने विचारले, “साठ सेकंदांऐवजी दहा का नाही?”

मी डेटाबेसवर ताण येईल म्हणणार होते, मग हिशेब केला. फोन शंभर असोत की हजार, नोंद मेमरीत असेपर्यंत डेटाबेसकडे कुणी जात नाही. साठ सेकंदांना मिनिटात एक फेरी, दहाला सहा. अडचण मधल्या क्षणाची आहे: मुदत संपून नवे उत्तर येईपर्यंत जेवढे विचारतील तेवढे सगळे डेटाबेसवर धडकतात, आणि हे मिनिटात सहा वेळा होईल. त्यासाठी एक छोटी खूण ठेवली. पहिला येईल तो ती लावतो आणि एकटाच डेटाबेसकडे जातो, बाकीचे क्षणभर थांबून पुन्हा मेमरीत बघतात.

```
SET bhav:matar:kulup 1 NX EX 3
```

खूण लावणारा मध्येच बंद पडला तर तीही तीन सेकंदांत आपोआप जाते.

भावाला आता दहा सेकंद. सरासरी दिवसातून एकदाच बदलते, तिला एक तास ठेवला आहे.