पाच पावत्या, पाच तारखा

आंबवड्यातून आणि भोरच्या आसपासच्या गावांतून शिरवळच्या कारखान्यांत किंवा मुंबईत नोकरी करून परतलेल्या माणसाकडे साधारणपणे दोन गोष्टी असतात: भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम आणि ईपीएसची तुटपुंजी पेन्शन. या पेन्शनचा किमान आकडा सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यामुळे घर चालते ते निधीच्या रकमेच्या व्याजावर. मीही याच वर्गातला, म्हणून ही रक्कम कशी ठेवावी या प्रश्नाचा विचार मी पुस्तकातून नव्हे, पासबुकातून केला आहे. निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून ठरते, ती निवडता येत नाही. म्हणूनच सगळी रक्कम एकाच दिवशी, एकाच मुदतीसाठी ठेवणे मला जुगाराच्या जवळचे वाटते, मग ती ठेव कितीही भक्कम बँकेत असो. ठेव बुडण्याची भीती सगळ्यांना असते. पण मुदत संपली त्या दिवशी व्याजदर पडलेला असण्याची भीती फार थोडे लोक हिशेबात धरतात.

ही भीती किती खरी आहे हे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावरून कळते, कारण ठेवींचे दर मागेपुढे होत त्याच्याच मागून जातात. जानेवारी २०१४ मध्ये तो ८ टक्के होता आणि मे २०२० मध्ये ४ टक्के, म्हणजे बरोबर निम्मा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर चढला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला. आता २० लाख रुपये घेऊन २०१५ मध्ये निवृत्त झालेला माणूस समजा. मोठ्या सरकारी बँकेचा तेव्हाचा पाच वर्षांचा दर, ज्येष्ठांचा जादा दर धरून, ढोबळ साडेआठ टक्के मानू. त्याला वर्षाला १ लाख ७० हजार मिळतात आणि पाच वर्षे सगळे सुरळीत चालते. २०२० मध्ये पावती संपते तेव्हा दर सुमारे ६ टक्के असतो. त्याच रकमेवर आता १ लाख २० हजार. महिन्याला ४,००० रुपयांहून जास्त घट एका दिवसात झाली, आणि ती पुढच्या पाच वर्षांसाठी पक्की झाली. २०२२–२३ मध्ये दर वाढले तेव्हा त्याचा एकही रुपया मोकळा नव्हता.

त्याच माणसाने २० लाखांच्या चार-चार लाखांच्या पाच पावत्या केल्या असत्या, मुदती एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षे, तर? यालाच ठेवींची शिडी म्हणतात. पहिल्या वर्षाची पावती संपली की ती एक वर्षासाठी नव्हे, पाच वर्षांसाठी ठेवायची. पुढच्या वर्षी दुसरी, मग तिसरी. पाचव्या वर्षापासून सगळ्या पावत्या पाच वर्षांच्या होतात, आणि तरी दरवर्षी एक संपत राहते. २०१५ ते २०१९ या वर्षांचे पाच वर्षांचे दर सोयीसाठी साडेआठ, साडेसात, सात, सव्वासात आणि सात मानले, तर २०१९ अखेर या शिडीचे वार्षिक व्याज १ लाख ४९ हजार होते. २०२० मध्ये साडेआठची पावती सहावर आली तरी एकूण व्याज १ लाख ३९ हजार राहते. घट महिन्याला साधारण ८३० रुपये. घरखर्चाला एवढा धक्का सोसतो, कारण दर पडल्याची झळ पाचव्या हिश्श्यालाच लागली. २०२१ आणि २०२२ मध्येही दर सहाच धरले तर घसरण चालू राहते, पण १ लाख २८ हजारांच्या आसपास ती थांबते, कारण २०२३ मध्ये मोकळी झालेली पावती सात टक्क्यांवर लागते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. २०१५ ते २०२० या काळात एकरकमी ठेव करणाऱ्यालाच जास्त व्याज मिळाले. दर उतरत असताना लांबची एक पावती जिंकते, हे मान्यच केले पाहिजे. पण ती जिंकली हे आपल्याला २०२० मध्ये कळते, २०१५ मध्ये नव्हे. २०२० मध्ये निवृत्त होऊन सगळी रक्कम पाच वर्षांसाठी सहा टक्क्यांवर गुंतवणारा नेमका उलट अडकला. शिडी जास्तीत जास्त व्याज देत नाही. कोणत्या साली निवृत्त झालो याला असलेले महत्त्व ती कमी करते. दर कुठे जातील हे ज्याला सांगता येत असेल, त्याला शिडीची गरज नाही. तसा माणूस मला अजून बँकेच्या काउंटरच्या कुठल्याच बाजूला दिसलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना असताना हे कशाला? ती आधी घ्यावीच. ३० लाखांपर्यंत तिथे ठेवता येतात आणि एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. पण तीही पाच वर्षांचीच आहे आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा दर ८.६ वरून ७.४ वर आला होता. त्या तिमाहीत खाते उघडणाऱ्याला तोच दर पाच वर्षे चिकटला. या योजनेत एकाहून जास्त खाती उघडता येतात, म्हणून तिथेही खाती वेगवेगळ्या वर्षी उघडून तारखा विखुरणे शक्य आहे. महागाईचे मात्र शिडीकडे उत्तर नाही. तिने उत्पन्न स्थिर राहते, वाढत नाही. व्याजातला थोडा भाग मुद्दलात टाकत राहिल्याशिवाय दहा वर्षांनी तेच व्याज अपुरे पडणार.

शिडी मोडते ती बहुधा दरामुळे नव्हे, नूतनीकरणाच्या सूचनेमुळे. ठेव उघडताना आपोआप नूतनीकरणाच्या चौकोनात खूण केली की बँक सहसा ती पावती पूर्वीच्याच मुदतीसाठी फिरवते. एक वर्षाची पावती पुन्हा एक वर्षाची होते, आणि तीन वर्षांनी पाहावे तर एकाच वर्षी दोन-तीन पावत्या संपत असतात. खूण केलीच नाही आणि जाणेही राहिले, तर मुदत संपलेल्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा पावतीचा जुना दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. म्हणून मुदत संपण्याचे महिने मी उन्हाळ्यातले धरतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात, भाताची लावणी सुरू असताना, केवळ एका सहीसाठी भोरला कोण जातो? ४४४ दिवसांसारख्या खास योजनांचा मोहही असाच. दर थोडा जास्त असतो, पण पाचही पावत्या तिथे लावल्या की शिडी उरत नाही, सगळे पैसे सव्वा वर्षात एकदम दारात येतात.

आजारपणात पैसे लागले तर मात्र शिडीचा उपयोग लगेच दिसतो. मुदतीपूर्वी पावती मोडली तर ती प्रत्यक्ष जितका काळ राहिली त्या काळाच्या दराने व्याज मिळते, आणि त्यातूनही बहुतेक बँका दंडापोटी अर्धा ते एक टक्का कापतात. २० लाखांची एकच पावती असेल तर दोन लाखांसाठी सगळ्या रकमेला हात लागू शकतो. पाच पावत्या असतील तर मोडते ती एक. म्हणून प्रत्येक पायरीवर चार लाखांची एक पावती करण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या दोन मला बऱ्या वाटतात. फक्त करबचतीची पाच वर्षांची ठेव यात धरू नये, कारण ती मुदतीआधी मोडताच येत नाही.

राहिला पतसंस्थेचा प्रश्न, कारण गावात शेवटी कोणीतरी म्हणतेच की तिथे एक-दोन टक्के जास्त मिळतात. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आणि बँकेतही ते फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे, शाखा कितीही असोत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या पावत्यांवर तारखा होत्या, पण त्या तारखांना पैसे हाती येत नव्हते. म्हणून सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर तिथे शिडीची एकच पायरी असावी, तीही चार लाखांच्या आसपास, म्हणजे व्याज धरून विम्याच्या मर्यादेत राहते.