शनिवारचा रकाना

माझ्याकडे चौदा वह्या आहेत. प्रत्येक धावणाऱ्या पोराचं पान, त्यावर तारीख, अंतर, दर किलोमीटरची वेळ, सकाळची नाडी, चपलेचा तळ कुठं झिजला याची नोंद. साखऱ्याहून सेनगावच्या रस्त्यानं पोरं धावायची आणि मी मागून मोटारसायकलवर घड्याळ धरून असायचो. या वह्यांचा मला अभिमान होता. कुणी पाहुणा आला की चहाआधी वही निघायची. गेल्या जानेवारीनंतर मी त्या पुन्हा पहिल्या पानापासून वाचल्या. पोरानं आदल्या दिवशी काय खाल्लं, हे चौदा वह्यांत एकदाही लिहिलेलं नाही.

ज्याच्यामुळे हे झालं तो पोरगा बावीस वर्षांचा, वजन चोपन्न किलो. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्यानं तीन तासांच्या आत यावं ही माझी इच्छा. त्याची इच्छा मी विचारली नव्हती. तीन तासांसाठी किलोमीटरला ४ मिनिटं १६ सेकंद पडतात. अर्धं अंतर त्यानं १ तास २७ मिनिटांत काढलं, म्हणजे दर किलोमीटरला नऊ सेकंद जास्त वेगानं. तीस किलोमीटरला २ तास ५ मिनिटं. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. चेहरा निवांत, खांदे सैल, पाऊल हलकं. मी मनात वेळ मांडून टाकली होती आणि गावातल्या पारावर ती कशी सांगायची हेही ठरवलं होतं. बत्तीसच्या पुढं तो मोडला. पेडर रोडचा चढ तर त्यानं चालतच काढला. शेवटच्या दहा किलोमीटरला त्र्याहत्तर मिनिटं लागली. एकूण ३ तास २७ मिनिटं.

नंतर तो एवढंच म्हणाला, "सर, पाय हायेत, पर माझे नाहीत असं वाटू लागलं."

गावी आल्यावर पारावर लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोराची जिद्द कमी पडली. तो चार हातांवर बसलेला होता.

तीन-चार दिवसांनी त्याची आई भेटली. तिनं भांडण काढलं नाही. साधं विचारलं, "सर, त्यो शनवारी जेवत नस्तो, हे तुम्हाला ठावं नव्हतं का?" मारुतीचा शनिवार. दिवसभर चहा, थोडे शेंगदाणे, एखादं केळं. संध्याकाळी उपवास सोडायचा. त्या शनिवारी तो मुंबईत नवख्या ठिकाणी होता आणि पहाटेच्या शर्यतीच्या धास्तीनं संध्याकाळीही त्यानं चार घासच खाल्ले. शर्यत रविवारी होती. मुंबईची शर्यत रविवारीच असते.

हे धावणाऱ्यांना ठाऊक असतं, पण मला पुन्हा मांडावंसं वाटतं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर असून मी मांडलं नव्हतं. पायाच्या स्नायूत साखर ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते आणि यकृतातही असते. सगळ्या स्नायूंत मिळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम, यकृतात ऐंशी ते शंभर. स्नायूतलं ग्लायकोजेन शेतातल्या विहिरीसारखं आहे. ते त्याच शेताला लागतं. स्नायूतून साखर पुन्हा रक्तात सोडण्यासाठी जे विकर लागतं ते स्नायूत नसतं, त्यामुळे दंडातलं भरलेलं ग्लायकोजेन मांडीला मिळत नाही. यकृत मात्र गावच्या पाण्याच्या टाकीसारखं. तिथून नळ रक्तात सुटतो आणि मेंदूला मिळतो. मेंदूला एरवी ही साखरच लागते.

आता त्याचा हिशेब. धावायला किलोमीटरला किलोमागं साधारण एक उष्मांक लागतो. चोपन्न किलोला बेचाळीस किलोमीटर म्हणजे सुमारे २२८० उष्मांक. तीन तासांच्या वेगात त्यातला बराच मोठा भाग साखरेतून जातो. पाचातले चार भाग धरले तर १८०० उष्मांक, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. एवढी साखर पायांत आणि यकृतात मिळून मावत नाही. उरलेलं चरबीतून आलं पाहिजे किंवा वाटेत खाल्लं पाहिजे. चरबी त्या वाळक्या पोराच्या अंगातही भरपूर आहे, पण ती सावकाश जळते आणि तेवढ्याच प्राणवायूत कमी ऊर्जा देते. म्हणून विहीर आटली की माणूस मरत नाही, वेग मरतो. भिंत म्हणतात ती ही. चरबी ज्या वेगाला पुरेल त्या वेगावर शरीर आपटून खाली येतं.

आणि मी त्याच्या दोन्ही साठ्यांना हात घातला होता. गुरुवारी सकाळी, शर्यतीला तीन दिवस असताना, मी त्याला बारा किलोमीटर शर्यतीच्या वेगानं पळवलं. गरज नव्हती. मला बघायचं होतं. त्यानं विहीर उपसली. ती पुन्हा भरायला दिवस-दोन दिवस पोटभर भात-पोळी लागते. शुक्रवारची रात्र ट्रॅव्हल्समध्ये गेली आणि शनिवार उपवासात. रात्रीच्या झोपेतही यकृताची टाकी उतरत असते, कारण मेंदू झोपत नाही. पहाटे त्यानं चहा-बिस्कीट घेतलं. तो उभा राहिला तेव्हा टाकी तळाला होती आणि विहिरी अर्ध्या. त्यावर पहिल्या टप्प्यातले ते नऊ सेकंद. वेग वाढला की साखरेचा वाटा वाढतो, आणि सुरुवातीच्या भरात, उत्तेजनेत, तो आणखी वाढतो.

माझी अडचण मात्र हिशेबात नाही. बत्तीस किलोमीटरपर्यंत ते दिसलं का नाही, इथं मी अडकून पडतो. तीस वर्षं मी पावलाकडे बघतो आहे. टाच कधी खाली येते, हनुवटी कधी वर जाते, हे मला शंभर पावलांवरून कळतं असा माझा समज होता. साठा भरलेल्या आणि साठा संपत आलेल्या माणसाचं पाऊल तिसाव्या किलोमीटरला एकसारखंच पडतं. धापही तीच, नाडी थोडीच वर. विहिरीत बादली सोडल्याशिवाय पाणी किती आहे ते कळत नाही, आणि इथं बादली सोडायला जागा नाही. स्टॉकहोमच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमननं ती सोडली. १९६६ साली दोघं एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले, एकानं उजव्या पायानं आणि दुसऱ्यानं डाव्या पायानं पायडल मारलं, आणि सुईनं मांडीचा तुकडा काढून तपासला. चाललेला पाय रिकामा, बसलेला भरलेला. मग तीन दिवस कर्बोदकांचं जेवण. रिकामा झालेला पाय बसलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरला. एका माणसाच्या दोन पायांत एवढा फरक. हे वाचलं तेव्हा मी गुरुवारचं पान उघडलं आणि बंद केलं. पुढल्या वर्षी त्यांनी साथीदारांसह जेवण बदलून बघितलं: त्याच कष्टाला नेहमीच्या जेवणावर माणूस सुमारे ११४ मिनिटं टिकला, चरबी-प्रथिनांच्या जेवणावर ५७, कर्बोदकांच्या जेवणावर १६७. माणूस तोच, जिद्दही तीच.

भरतीच्या अॅकॅडमीवाल्यांशी माझं याच शब्दावरून वाजतं. सोळाशे मीटरमध्ये कुणाची विहीर आटत नाही. तिथं जो मागे पडतो तो खरंच ताकदीत किंवा मनात मागे असतो, म्हणून तिथले मास्तर सगळी थकावट मनात शोधतात आणि पोरांना उपाशी पळवून 'चरबी जाळायची सवय' लावतात. सवय लागते, हे खरं आहे. महिनोन्‌महिने लांब पळालं की तोच वेग कमी साखरेत निघतो. पण तीन तासांच्या वेगाला ती सवय पुरत नाही. आणि हे मी त्यांना सांगत असतानाच पारावर त्यांचाच शब्द वापरला.

आईला मात्र मी पटवू शकलो नाही, आणि आता पटवायलाही नको. ती शेगावच्या पालखीबरोबर चालते. वाटेत एकादशी येते, त्या दिवशीही ती चालते. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, उपाशीपोटी, आणि संध्याकाळी फुगडी घालते. "उपासानं पाय कसे जातील?" तिचं म्हणणं तिच्या वेगाला शंभर टक्के खरं आहे. चालण्याच्या वेगात निम्म्याहून अधिक काम चरबी करते आणि ती चरबी पंढरपूरला जाऊन परत येण्याइतकी प्रत्येकाजवळ असते. तिचा लेक दुप्पट-तिप्पट वेगानं जातो म्हणून त्याचा उपवास वेगळा. मी तिला हे असं सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याला सावकाश पळू द्या की."

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत. त्यांच्याबरोबरचे सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. दातारांच्या नावापुढं एक शब्द आहे आणि आदल्या दिवसाचं काही नाही. पूर्वी मी चौगुल्यांची गोष्ट पोरांना सांगायचो. आता दातारांचं नावही घेतो.

गुळाचं आम्ही बसवलं आहे. पाच किलोमीटरला वीस ग्रॅमचा खडा आणि दोन घोट पाणी. आमच्या वेगाला ते तासाला साठ ग्रॅमच्या आत बसतं, त्याहून जास्त एकटं ग्लुकोज आतडं घेत नाही. गुळातल्या साखरेत दोन प्रकार असतात म्हणून थोडी जागा आणखी मिळते. पाकिटातलं जेल हेच करतं, महागात. पहिल्या चार रविवारी त्याला मळमळलं, पाचव्या रविवारी नाही. पोटालाही सराव लागतो.

आणि बादलीसाठी मी एक उपाय काढला आहे. पायाची विहीर आटली तर डोकं जागेवर असतं, फक्त मांड्या लाकूड होतात, आणि गूळ देऊन त्या लवकर परत येत नाहीत. टाकी उतरली तर आधी डोकं जातं: हात थरथरतात, थंड घाम येतो, पोरगा चिडतो, हिशेब चुकतो. हे गुळाच्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. म्हणून मी मोटारसायकल शेजारी घेऊन गुणाकार विचारतो. गुडघे गेल्यापासून मला एवढंच करता येतं.

गेल्या रविवारी एकोणतिसाव्या किलोमीटरला मी विचारलं, "सतरा साहे किती?"

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, गप ऱ्हावा."

असं तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मी गाडी आडवी घातली. तो ओरडला, पळतो म्हणाला, पाय चांगले आहेत म्हणाला, आणि पाय खरंच चांगले होते. त्याचा हात हातात घेतला, गार होता. गुळाचं पाणी पाजलं. आम्ही बांधावर बसलो. तुरीला फुलं आली होती. बारा मिनिटांनी तो स्वतःहून म्हणाला, "एकशे दोन." आणि मग हळूच, "मघाशी बोललो ते..."

मी म्हणालो, "पारावर मी बोललो होतो ते आधी."

तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. ती बांधलेलीच होती.

घरी येऊन वही उघडली. या वर्षी मी नवा रकाना आखला आहे, लाल शाईनं, 'शनिवार'. त्या आठवड्याच्या ओळीत तो कोरा होता. शनिवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला होता, दहा मिनिटं बोललो होतो, वेगाबद्दल.