म्हण, सुवचन की स्वतःशी म्हणायचं वाक्य?



आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तीन प्रकारची वाक्यं तयार असतात. एक म्हणी, त्या आईआजीकडून आलेल्या. दुसरी थोरांची वचनं, फुलांच्या चित्रावर लिहिलेली. आणि तिसरी हल्ली मुली म्हणतात ती अफर्मेशन्स, म्हणजे ‘मी खंबीर आहे, मी आनंदी आहे’ असं आरशासमोर म्हणायचं. कुणाचं काही बिनसलं की यातलं हाताला येईल ते आपण पाठवतो. पण ही तीन वाक्यं म्हणजे एकाच डब्यातल्या तीन वड्या नाहीत. म्हणीत सगळ्या गावाचा आवाज असतो. वचनात एका माणसाचा आवाज असतो, आणि त्याच्या मोठेपणाचा भार. तिसरं वाक्य ज्याचं दुःख त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी म्हणून चालत नाही. आवाज कुणाचा हवा आहे, हे आधी ओळखावं लागतं.

मी हे माझ्या धाकट्या नणंदेच्या घरी नीट पाहिलं. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. कापडाचं दुकान, दोन नोकर, मुलगी नोकरीला लांबच्या शहरात. मी तिथे दीड महिना राहिले.

पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्या बायका बहुतेक म्हणीच बोलत होत्या. मन वाईट नव्हतं कुणाचं. पण म्हण उलटी कशी लागते ते तिथे कळलं. एक बाई त्यांच्या शेजारचा मुलगा अपघातातून वाचल्याचं सांगता सांगता म्हणाल्या, “देव तारी त्याला कोण मारी.” ज्या घरातला माणूस तारला गेला नाही, त्या घरात हे वाक्य कसं ऐकू जाईल? दुसऱ्या एकीनं सुस्कारा सोडत म्हटलं, “दैव देतं आणि कर्म नेतं.” आता कर्म हा शब्द आपल्या जैन घरात उठताबसता येतो, म्हणून तो जास्तच जपून वापरायला हवा. पहिल्या आठवड्यात विधवेसमोर कर्माचं नाव काढणं म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणं. कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहायला आहे, शेजारणीचा हिशेब मांडायला नाही.

नणंद प्रत्येकीला “हो ना” म्हणायची आणि चहाचं विचारायची. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपलं वाक्य चुकलं की समोरची भांडत नाही, ती होकार देते आणि विषय बदलते. बरोबर लागलं तर तिचं पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा लांब येतं.

त्या दिवसांत ती फक्त सांगत होती. सकाळी ते दाढी करत होते, हाक मारली, मी गॅस बंद करून गेले, हे एवढंच पुन्हा पुन्हा. सांगणाऱ्या माणसाला तिन्हीपैकी काहीच नको असतं. मी “मग?” आणि “किती वाजले होते?” एवढंच विचारायची. कुणी म्हणेल, वहिनी असून चार धीराचे शब्द बोलली नाही. नाही बोलले.

म्हणीचा दिवस आला तो निराळ्याच कारणानं. सूतक फिटलं, त्याच आठवड्यात पाण्याची मोटर जळाली आणि तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीत गळती सुरू झाली. नणंद बादली लावता लावता स्वतःच म्हणाली, “वहिनी, दुष्काळात तेरावा महिना बघा!” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली. तीच म्हण आदल्या दिवशी मी म्हटली असती तर तिच्या संकटाची थट्टा झाली असती. दुखणाऱ्यानं स्वतः म्हटली की म्हणीनं दुःखाला नाव मिळतं, आणि असं आधीही पुष्कळांचं झालंय हेही त्यातच येतं. म्हणून मोठ्या दुःखात म्हणीचा पहिला हक्क तिचा. ती म्हणाली की मग आपण दुसरी जोडावी. लहानसहान कुरबुरींना हा नियम लागू नाही. सुनेनं डाळ पातळ केली म्हणून रुसलेल्या मैत्रिणीला “घरोघरी मातीच्या चुली” खुशाल म्हणा, तिलाही तेच ऐकायचं असतं.

वचनाची वेळ वेगळी. ती येते माणूस प्रश्न विचारू लागला की. एका रात्री अंथरुणं घालताना नणंद म्हणाली, “वहिनी, त्यांच्याशिवाय दुकान मला कसं समजणार? ते काही लिहून ठेवायचे, काही डोक्यात.” हा नुसता विलाप नव्हता, त्यात विचार होता. अशा वेळी एखाद्या मोठ्या माणसाचा शब्द आधार देतो, पण तो माणूस तिला मोठा वाटायला हवा, आपल्याला नव्हे. माझी एक साधी कसोटी आहे: तो माणूस जिवंत समोर बसला असता तर हिनं त्याचं ऐकलं असतं का? परदेशी उद्योगपतीचं वचन तिच्या काय कामाचं? मी तिला तिच्या यजमानांचंच वाक्य आठवून दिलं. ते नव्या नोकराला पहिल्या दिवशी सांगायचे, “उधारी वहीत ठेवायची, डोक्यात नाही. डोकं गिऱ्हाइकासाठी मोकळं ठेवायचं.” ती उठून बसली. “मग वहीत असेलच की सगळं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी वह्या काढल्या. मी कॉमर्सची, त्यामुळे येणं-देणं लावायला मला वेळ लागला नाही. उधारी खरंच जवळजवळ सगळी वहीत होती.

वचनाबद्दल एक गोष्ट जरा ठणकावून सांगते. ज्याच्या नावावर पाठवतो, ते त्यानं म्हटलंय का ते बघा. जगात जो बदल हवा तो आधी स्वतःत करा, या अर्थाचं वाक्य गांधीजींच्या नावावर जगभर फिरतं, पण त्या शब्दांत त्यांनी ते म्हटल्याची नोंद नाही. भगवान महावीरांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांचं तर विचारू नका. वचनाचा सगळा जोर नावात असतो. नावच खोटं निघालं तर उरतं एक साधं वाक्य, आणि ते आपण आपल्या नावावर बोलू शकतोच की. विचार आवडला, नाव माहीत नाही, तर “मला असं वाटतं” म्हणून सांगावं. सत्य अणुव्रताला हे फॉरवर्डही लागू आहे असं मी मानते.

आता तिसरा प्रकार. दीड महिना होत आला, दुकान उघडायचं ठरलं. तिच्या मुलीनं प्रेमानं फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. रोज सकाळी आरशासमोर म्हणायचं, मी खंबीर आहे, मी समर्थ आहे, माझं आयुष्य आनंदानं भरलेलं आहे. नणंदेनं चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवशी आरशासमोरच रडत बसली. “खोटं बोलल्यासारखं वाटतं हो वहिनी. मी म्हणते आनंद, आणि आतून आवाज येतो, कुठला गं आनंद?”

तिचं काही चुकत नव्हतं. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच तपासून प्रसिद्ध केलं होतं. मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा विश्वास कमी होता, म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. वाक्य आणि मन यांत अंतर फार असलं की मन लगेच उलटा पुरावा मांडायला लागतं.

मग आम्ही तिचं वाक्य बदललं. गुणाचं वाक्य काढलं, कामाचं घातलं. फक्त आजचं, आणि ती स्वतः खरं मानेल एवढंच. तिनं स्वतःच बसवलं: “मी आज अकरा वाजता दुकान उघडणार. रडू आलं तर आत जाऊन रडेन आणि परत येईन.” पहिल्या मसुद्यात तिनं ‘रडणार नाही’ लिहिलं होतं. मी म्हटलं, हे तुला खरं वाटतं का? नाही म्हणाली, आणि खोडलं. पहिल्या दिवशी ती दोनदा आत गेली आणि दोन्ही वेळा परत आली.

हे करताना मला आपल्या बारा अनुप्रेक्षा आठवत होत्या. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्या आहेत. अनित्य पहिली, अशरण दुसरी, धर्म शेवटची. त्याही पुन्हा पुन्हा मनाशी घोळवायच्याच गोष्टी आहेत, पण त्या गोड वाटाव्यात म्हणून रचलेल्या नाहीत, खऱ्या आहेत म्हणून घोळवायच्या आहेत. आणि त्या ज्यानं त्यानं स्वतः करायच्या. आपण मात्र बस्तीतून परतताना अनित्य भावना दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो: “अगं, सगळं अनित्यच आहे.” माझ्या नवऱ्याविषयी हे मी स्वतः चिंतन केलं तर ती भावना; तुमच्या नवऱ्याविषयी मी तुम्हाला सांगितलं तर ते काय झालं, तुम्हीच ठरवा. नणंदेनं चातुर्मासात आपणहून स्वाध्यायात अनित्य भावना घेतली. मी विषय काढला नव्हता.

एक मर्यादाही आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगून काय करू असं माणूस बोलतंय, तर म्हण, वचन, वाक्य सगळं बाजूला ठेवून तिला डॉक्टरांकडे न्यावं, सोबत बसावं. सरकारचा टेलि-मानसचा 14416 हा फोन क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं.

परवा दिवाळीच्या वह्या घालायला मी तिच्या दुकानात गेले होते. गल्ल्यावर ती, समोर नवा मुलगा कापडाचे तागे लावत होता. कुणीतरी दोन साड्या उधार घेऊन गेलं, आणि तो म्हणाला, “काकू, लक्षात आहे माझ्या.” तिनं पेन पुढे केलं. “वहीत ठेवायची, डोक्यात नाही,” म्हणाली. “आमचे हे म्हणायचे.”