मागच्या पानावरचं झुरळ

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. डोंबिवलीत बावीस वर्षं पेस्ट कंट्रोल करतोय, पण प्रत्येक वर्षी तेच. सणाआधी घर चकाचक हवं म्हणून सगळ्यांना एकाच आठवड्यात माणूस हवा असतो. आम्ही औषध मारून जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात कपाटं रिकामी करून सोड्याच्या पाण्याने पुसून काढतात. माझं औषधही पुसलं जातं. आधी साफसफाई आणि मग औषध, हे मी फोनवर सांगतो, पण ते ऐकून घेणारं घर विरळाच.

अशाच एका घराची गोष्ट सांगतो. चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात काका-काकू आणि मुलगा. वार्षिक करार झाला ऑक्टोबरात. आमच्याकडे हा करार बहुतेक तीन फेऱ्यांचा असतो, दर चार महिन्यांनी एक. त्यांच्या सर्व्हिस कार्डावर तारखा पडल्या, ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि जून. त्याखाली एक ओळ होती, ‘मधल्या काळात तक्रार आल्यास फेरी विनामूल्य’. काकूंनी ती दोनदा वाचली. कार्ड उलटून मागची बाजू मात्र वाचली नाही. तिथे कोणी जातच नाही.

बाराव्या दिवशी काकूंचा फोन आला. “अहो, तुमच्या औषधाने झुरळं वाढली! दिवसाढवळ्या ओट्यावर फिरतायत, तांदळाएवढी बारीक.”

आता चार महिन्यांचं वेळापत्रक आमच्या सोयीचं असतं, झुरळाचं नसतं. स्वयंपाकघरात जे बारीक, तपकिरी झुरळ दिसतं, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं, ते जर्मन झुरळ. पूर्ण वाढलेलं जेमतेम दीड सेंटीमीटर. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशी धरून फिरते आणि पिल्लं निघायच्या सुमारास ती सोडते. हे साधारण तीन-चार आठवड्यांचं काम. आम्ही लावतो ते जेल खाल्लं की झुरळ एक-दोन दिवसांत मरतं. पण डबी पिकत आलेली असेल तर मादी मेली तरी त्यातली पिल्लं बाहेर पडू शकतात. म्हणजे पहिल्या फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं दिसली तर बऱ्याचदा ती आधीच्याच पिढीची असतात. म्हणून करारात तीन फेऱ्या आहेत की चार, यापेक्षा पहिल्या फेरीनंतर पंधरा-वीस दिवसांनी कोणी येणार आहे का, हे विचारायला हवं. माझ्या मते ती फेरी फुकट दिलीच पाहिजे, आणि तक्रारीची वाट न पाहता. तिला तक्रार म्हणणंच चूक आहे.

मी स्वतः गेलो. ओट्याखाली टॉर्च मारला तर बिजागरींवरचे जेलचे ठिपके गायब, सोड्याचे पांढरे ओघळ मात्र शिल्लक. फ्रिज पुढे ओढला. मागच्या कॉम्प्रेसरजवळ ऊब असते, तिथे झुरळांची खरी वस्ती. तिथले मुगाएवढे ठिपके खाल्लेले दिसले, म्हणजे औषध चाललं होतं. मग ट्रॉलीच्या खालून एक वास आला. मुलाने रात्री बाजारातला स्प्रे मारला होता. हे सगळ्यात वाईट. त्या स्प्रेच्या वासाने झुरळं जागा सोडून पळतात, आणि स्प्रे पडलेल्या जेलला तोंड लावत नाहीत. आमच्या कार्डाच्या मागे छापलेलं आहे की ग्राहकाने स्वतः फवारणी केल्यास वॉरंटी राहत नाही. लोकांना ही पळवाट वाटते. पुष्कळ कंपन्या तिचा तसा वापरही करतात, हे कबूल करतो.

मी वॉरंटी रद्द केली नाही. नवे ठिपके लावले आणि ओट्याखाली, फ्रिजमागे, सिंकखाली अशी तीन चिकट कार्डं ठेवली. पहिल्या आठवड्यात त्यांवर एकतीस झुरळं अडकली, दुसऱ्यात सहा, चौथ्यात एकही नाही. ती कार्डं काकूंनाच मोजायला दिली होती. ‘झुरळं आहेत’ आणि ‘नाहीत’ या भांडणात आकडा हाताशी असला की आवाज आपोआप खाली येतो.

फेब्रुवारीची फेरी शांतपणे पार पडली. जूनमध्ये पाऊस लागला आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी न्हाणीघरात, चार सेंटीमीटरची, लालसर, उडणारी झुरळं. काकू म्हणाल्या, “करार आहे ना, या मग.”

हे अमेरिकन झुरळ. ते स्वयंपाकघरात वस्ती करून राहत नाही. त्याचं घर म्हणजे इमारतीची ड्रेनेज चेंबर आणि पाइप. पावसात चेंबर भरली की ते पाइपातून वर चढतं. आणि कार्डाच्या मागे लिहिलेलं होतं, ‘सोसायटीची चेंबर, डक्ट व सामाईक जागा वगळून’. मी गेलो, नहाणी ट्रॅपच्या कडेने फवारलं, पण स्पष्ट सांगितलं, काकू, हे उद्या परत येईल. त्या घरी पाहुण्यांचं न्हाणीघर महिनोन्महिने बंद होतं. ट्रॅपमधलं पाणी सुकलं, की तिथून झुरळाला आत यायला दार उघडंच. दर दोन-तीन दिवसांनी एक तांब्या पाणी ओता आणि बारीक छिद्रांची जाळी बसवा, एवढ्याने निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे सोसायटीने चेंबरचा वेगळा करार करणं. घरातल्या करारात मी ते घेऊच शकत नाही, कारण झाकण उघडायचा अधिकार ना माझा ना काकूंचा.

मागच्या पानावर आणखी काय असतं? साध्या करारात झुरळं, मुंग्या, कोळी, कसर एवढंच येतं. ढेकूण, वाळवी, उंदीर, डास, लाकूड पोखरणारे किडे वेगळे. ढेकणांचं कारण सरळ आहे. फवाऱ्याने त्यांची अंडी सहसा मरत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या लागतात, आणि त्यानंतर प्रवासाच्या बॅगेतून एखादा परत आला तर त्याची हमी कोणी कशी द्यावी?

वाळवीत मात्र जास्त मनस्ताप होतो. तिथे भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरतात, आणि वॉरंटी काही वर्षांची मिळते. ती वॉरंटी पुन्हा औषध देण्याची असते, खाल्लेल्या कपाटाच्या भरपाईची नव्हे. शिवाय ती त्याच सांध्यांपुरती. एका गिऱ्हाइकाने दोन वर्षांनी हॉलमध्ये नवी फरशी टाकली. मिस्त्रीने सांधा खणला आणि औषधाची रेघ तिथे तुटली. वाळवी बरोब्बर त्याच फटीतून टीव्हीच्या युनिटमध्ये गेली. फरशी काढायच्या आधी एक फोन आला असता तर तेवढा भाग पुन्हा भरून दिला असता.

काकूंचा करार या ऑक्टोबरात संपला. नूतनीकरणाला गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि कार्ड उलटून आधी मागची बाजू वाचली. मग चेअरमनना फोन लावला, आणि माझा चहा गार होईपर्यंत चेंबरच्या झाकणांवरून त्यांच्याशी भांडत राहिल्या.