स्वप्नातली ओवी

पहाटे स्वप्नात आई दळताना दिसली. ओवीचा तुकडाच ऐकू आला, पंढरीच्या वाटेचा. दिवसभर खुरपताना गुणगुणलो, तर चाल गोडच होत गेली. तिथंच शंका आली. माजलगावच्या बायकांच्या ओव्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांच्या कामामुळं टेपवर राहिल्या. आमच्या आईची एकही नाही. मग पडताळायचं कशावर?

कोपऱ्यातलं जातं पुसलं, मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला. पहिला अर्धा भाग फेऱ्यात बरोबर बसला. पुढं चाल वर चढली अन् हात अडखळला. दळणारीला दम पुरवावा लागतो, ती तिथं कशाला चढंल? तो चढ आमच्या भजनातला, टाळकऱ्याची माझी खोड.

दिवाळीला आक्का आली. म्हणाली, "जातं फिरल्याबिगर मला सुचत नाही रं." बसली. तिची ओवी शेवटी उतरली अन् फेरा पुरा होईस्तवर लांबली. शब्द मात्र निराळेच.

"आईचे हेच होते का गं?"

"आई तरी रोज तेच कुठं म्हणायची?"

म्हणून शब्दांचा नाद सोडला. सुरुवात आईची धरतो, शेवट आक्काचा. मधले दोन सूर कुणाचे, ते जात्यालाही सांगता येईना.