मध गोठला म्हणजे त्यात साखर घातली का?



गेल्या आठवड्यात आमच्याकडचे जुने गिऱ्हाईक असलेले एक गुरुजी मधाची बाटली घेऊन घरी आले. बाटलीत खाली तुपासारखा पांढरट रवाळ थर, वर थोडा पातळ मध. म्हणाले, "दादा, राग मानू नका, पण ह्यात साखर आहे. मागच्या वेळचा मध तर वर्षभर पातळ राहिला होता."

राग कसला मानायचा? शंका विचारली हे बरंच केलं. दोन्ही बाटल्या माझ्याच, फक्त फूल वेगळं. मागचा मध जांभळाचा होता. हा मोहरीचा, पेट्या हिवाळ्यात राजस्थानात नेल्या होत्या तेव्हाचा. मधात मुख्य साखरा दोन, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मोहरीच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, म्हणून तो थंडीत काही आठवड्यांतच गोठतो. सूर्यफुलाचंही तसंच. जांभळाचा मध बराच काळ पातळ राहतो. गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध परत पातळ होतो. पाणी बोट सोसेल इतपतच गरम असावं, गॅसवर उकळू नका.

पण ह्याची दुसरी बाजूही सांगतो. गोठला म्हणून मध शुद्ध असंही नाही. साखरेचा पाकही रवाळतो. आणि दुकानातला मध गोठत नाही म्हणून तो भेसळीचा ठरत नाही. तो गाळलेला आणि गरम केलेला असतो, म्हणून उशिरा गोठतो.

गुरुजी म्हणाले, "मी पाण्यात टाकून पाहिला, तळाशी बसला." मग तिथंच आमच्या घरच्यांनी साखरेचा दोनतारी पाक केला. गार झाल्यावर चमचाभर पाक पाण्याच्या ग्लासात सोडला. तोही धार धरून तळाशी बसला! गुरुजी बघतच राहिले. ही परीक्षा फक्त दाटपणा सांगते. पाणी घातलेला पातळ माल तिच्यात सापडेल, दाट पाक सापडणार नाही. मधात बुडवलेली वात पेटवायची परीक्षाही ओलावाच दाखवते. आणि मुंग्या खऱ्या मधालाही लागतात.

उलट खरा मध ह्या परीक्षांत नापास होऊ शकतो. हे माझ्याच चुकीवरून कळलं. एका वर्षी पाऊस तोंडावर आला म्हणून घाई केली. माशांनी मेणानं बंद न केलेल्या फ्रेमाही मधयंत्रात घातल्या. नंतर रिफ्रॅक्टोमीटरवर ओलावा २३ टक्के निघाला. नियमाप्रमाणे तो २० च्या वर नको. महिन्याभरात झाकणाखाली फेस आला, आंबूस वास सुटला. मध शंभर टक्के माशांचा, पण विकण्यालायक नाही. पेट्यांवरच्या माशांनाही घातला नाही, कारण आंबलेल्या मधानं त्यांना हगवण लागते. सगळा फेकला.

आता आणखी एक गोष्ट, जी विक्रेते सहसा स्वतःहून बोलत नाहीत. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा मी माशांना साखरेचा पाक देतो. नाही दिला तर वसाहत उपाशी मरते. पण फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करतो आणि मधकोठीतल्या फ्रेमा रिकाम्या करूनच लावतो. पाक चालू ठेवून मध काढला तर तो माशांनीच भरलेला, मेणानं बंद केलेला, दाट असेल. घरच्या सगळ्या परीक्षांत पास होईल आणि तरी फुलांचा मध नसेल. तांदळाच्या सिरपसारखी भेसळही घरी ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते, तिथंही एका तपासणीत सगळं सापडत नाही.

मग घरी काय बघायचं? वास घ्या. आंबूस असेल, बुडबुडे येत असतील तर परत करा. चमच्यानं धार सोडून दाटपणा बघा, पण त्याला शुद्धतेचा पुरावा समजू नका. बाकी विक्रेत्याला विचारा: फूल कोणतं, कुठलं, मध कोणत्या महिन्यात काढला, बंद फ्रेमांचाच का, ओलावा किती, माशांना पाक कधी बंद केला, आणि तपासणीचा अहवाल ह्याच बॅचचा आहे का. मलाही विचारा, इतरांनाही विचारा. उत्तर लगेच आलं नाही म्हणून कुणाला चोर म्हणू नका. लहान माणसाकडं अहवाल नसतो कधी कधी, तपासणीला पैसे लागतात.

गुरुजींनी बाटली परत नेली. जाताना म्हणाले, "लेबलावर लिहा की हे." म्हणून ह्या बॅचपासून लेबलावर 'मोहरी, जानेवारी, ओलावा १९ टक्के, थंडीत गोठेल' एवढं छापतोय. '१०० टक्के शुद्ध' काढून टाकलंय.

तुमच्याकडं कोणत्या फुलाचा मध किती दिवसांत गोठतो, ते खाली लिहा.